ड्रिपरवाला कूलर आणि संपादकांना गेलेला मेल: नागपुरातलं एक प्रकरण

हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचे डेझर्ट कूलर बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालक स्वतः वेल्डिंगला बसतात, त्यांची मुलगी हिशेब आणि विक्री बघते, आणि कामगार सीझनप्रमाणे कमी-जास्त होतात. टाकीतलं खारट होत जाणारं पाणी ठिबक सिंचनातल्या, थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या ड्रिपरने बाहेर काढायची एक बारीकशी सोय या मालकांनी कूलरमध्ये केली आणि ती लघुउद्योगांच्या एका मराठी मासिकात यावी म्हणून मुलीने संपादकांना मेल पाठवला. उत्तर आलं नाही. मग तो मेल माझ्याकडे आला. छोट्या व्यावसायिकांसाठी असं लेखन करणं हे माझं काम आहे, आणि त्याचं मी मानधन घेतो. ही गोष्ट पुढे मेलमध्येही लिहावी लागली, म्हणून आधीच सांगतो.

पहिला मेल असा सुरू होत होता: "सन्माननीय संपादक महोदय, ५६ अंशांच्या रणरणत्या उन्हात होरपळणाऱ्या नागपूरकरांसाठी आमच्या संस्थेने भारतातील पहिले क्रांतिकारी, पर्यावरणपूरक, पेटंट प्रलंबित तंत्रज्ञान विकसित केले आहे." पुढे कंपनीचा इतिहास, मालकांचा जीवनप्रवास, 'यथोचित प्रसिद्धी द्यावी' ही विनंती, आणि सोबत रंगीत माहितीपत्रकाची जड फाइल. तंत्रज्ञान म्हणजे नेमकं काय, ते सातव्या परिच्छेदात होतं, तेही अर्ध्या वाक्यात.

भाषा भडक आहे हे कोणालाही दिसेल. पण भडक भाषा संपादक रोजच वाचतात आणि तिच्याखाली काही असेल तर शोधूनही काढतात. हा मेल पडला तो पहिल्याच वाक्यातल्या तीन दाव्यांमुळे.

५६ अंश हा आकडा घ्या. मे २०२४च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर तो खरोखर दिसला होता आणि बातमी देशभर फिरली. मग हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या संपादकाला हे ठाऊक असतं. पहिल्याच ओळीत असा आकडा दिसला की खालचे सगळे आकडे संशयात जातात.

'भारतातील पहिले' हेही टिकणारं नव्हतं. कूलरच्या टाकीतलं खारट झालेलं पाणी थोडं थोडं काढत राहायचं, याला मोठ्या डक्टिंग कूलरच्या आणि कूलिंग टॉवरच्या धंद्यात 'ब्लीड' म्हणतात आणि ते फार जुनं आहे. या विषयावर लेख छापणाऱ्या संपादकाला ते माहीत नसेल असं धरून चालणं धोक्याचं.

आणि 'पेटंट प्रलंबित'. मी विचारलं, "अर्ज केव्हा केला?" मुलगी म्हणाली, "अजून नाही केला, करणार आहोत." अर्ज न करता अर्ज केल्याचं सांगणं याला १९७०च्या पेटंट कायद्यातल्या कलम १२०खाली दंड आहे. शिवाय खरंच पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज आधी आणि लेख नंतर, कारण एकदा छापून आलं की नावीन्य संपतं. मालकांचं मत सरळ होतं: "भोक पाडून ड्रिपर लावला जी, त्याचं काय पेटंट घेता?" ते मला पटलं. शब्द काढून टाकला.

कारखान्यात काय सापडलं

मेल सुधारायला बसण्याआधी वस्तू बघणं भाग होतं. मालकांनी एक कूलर उघडून दाखवला. पंपापासून वर जाणाऱ्या पांढऱ्या नळीच्या मध्ये वीतभर काळ्या नळीचा तुकडा जोडलेला होता. संत्र्याच्या बागेत ठिबकसाठी अंथरतात तीच १६ मिलिमीटरची लॅटरल. त्या तुकड्यात एक ड्रिपर टोचलेला, आणि ड्रिपरला जोडलेली बारीक नळी कूलरच्या पायाशी ठेवलेल्या बादलीत सोडलेली. पंप चालू झाला की बादलीत टपटप सुरू, पंप बंद की टपटप बंद. वीज नाही, टायमर नाही.

"काळी नळी काहून?" असं विचारल्यावर म्हणाले, "पांढरी नळी मऊ असते ना भाऊ. तिच्यात ड्रिपर धरतच नाही, बाजूनं पाणी गळते. काळीत पंचनं भोक पाडलं की घट्ट बसते." काटोलकडे त्यांच्या मेहुण्याची बाग आहे, तिथे ड्रिपर बदलताना हे सुचलं. बातमीतला सगळ्यात जिवंत भाग हा होता, आणि पहिल्या मेलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता, कारण मुलीला वाटलं की 'बागेतला ड्रिपर' लिहिलं तर वस्तू हलकी वाटेल.

हे कशासाठी, ते थोडं उलगडून सांगतो, कारण मेलचा कणा तोच आहे. कूलर हवा थंड करतो ते पाणी उडवून. पाणी उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. ते टाकीत आणि हनीकॉम्बच्या पॅडवर राहतात. शहराला नळाने येणारं पाणी पेंच आणि कन्हानचं, पण कडेच्या वस्त्यांत आणि कारखान्यांत बोअरवेल चालते. या कारखान्याच्या बोअरचं पाणी त्यांच्या पेनसारख्या टीडीएस मीटरवर ६०० दाखवत होतं, म्हणजे लिटरमागे सहा दशांश ग्रॅम क्षार. मे महिन्यात मधल्या आकाराचा कूलर तासाला साधारण १२ लिटर पाणी उडवतो. दिवसाला दहा तास धरले तर १२० लिटर पाणी उडालं आणि ७२ ग्रॅम क्षार मागे राहिला. नव्वद दिवसांच्या सीझनला हा हिशेब साडेसहा किलोच्या घरात जातो. पॅडच्या कडेला जो पांढरा, खडूसारखा थर चढतो तो हाच.

थर चढला की दोन गोष्टी होतात. पॅडच्या घड्या बुजून हवा कमी येते, आणि जी येते तिला ओला पृष्ठभाग कमी मिळतो. दुपारी बाहेर ४४ अंश असताना थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं तर तो कोरड्या हवेत २३च्या आसपास उतरतो. कूलरला त्याखाली जाता येत नाही. मधलं अंतर २१ अंश. चांगलं पॅड यातलं तीन चतुर्थांश अंतर कापतं, म्हणजे हवा २८च्या जवळ येते. तेच पॅड बुजून निम्मंच अंतर कापू लागलं की हवा साडेतेहतीसला येते. गिऱ्हाईक तेव्हा म्हणतं, कूलर गरम हवा फेकून राहिला.

ड्रिपर यात काय करतो? टाकीतलं घट्ट होत चाललेलं पाणी थोडं थोडं बाहेर काढतो आणि फ्लोट व्हॉल्व्हमधून तितकं ताजं पाणी आत येतं. तासाला १२ लिटर उडतंय आणि ३ लिटर ड्रिपरमधून जातंय असं धरा. दिवसाला आत येणारं पाणी १५० लिटर, त्याच्यासोबत ९० ग्रॅम क्षार. टाकीतलं पाणी मूळच्या पाचपट घट्ट झालं की लिटरमागे ३ ग्रॅम क्षार होतो, आणि ३० लिटर बाहेर जाताना ९० ग्रॅम घेऊन जातं. आवक-जावक तिथे जुळते आणि पाणी त्यापुढे घट्ट होत नाही. अर्थात पाचपट घट्ट पाण्यातूनही चुना थोडा बसतोच. थर थांबत नाही, मंदावतो. पहिल्या मेलमधलं 'क्षारमुक्त कूलर' या कारणाने गेलं.

पुरावा होता, पण फडताळात

मालकांनी पहिल्या मेलच्या आदल्या सीझनला एकाच शेडमध्ये, एकाच बोअरच्या पाण्यावर दोन सारखे कूलर लावले होते, एक ड्रिपरसह आणि एक त्याशिवाय. मार्चमध्ये पॅड वजन करून बसवली, जूनमध्ये काढून उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा वजन केली. साध्या कूलरच्या पॅडचं वजन २ किलो ९०० ग्रॅमने वाढलं होतं, ड्रिपरवाल्याचं १ किलो १०० ग्रॅमने. हे आकडे एका जुन्या पावतीपुस्तकाच्या मागे पेन्सिलने लिहिलेले होते आणि पावतीपुस्तक फडताळात. मुलीने ते मेलमध्ये घातले नाहीत. तिचं म्हणणं, "दोनच कूलर आहेत, लोक हसतील."

हसले असते, जर 'चाचण्यांमध्ये सिद्ध' असं लिहिलं असतं तर. 'दोन कूलर, एक सीझन, एक बोअर' असं लिहिलं की कोणी हसत नाही. मर्यादा सांगून दिलेला छोटा आकडा संपादकाच्या कामाचा असतो, कारण तो त्याला जसाच्या तसा छापता येतो. मोठा आणि मोघम आकडा त्याला तपासत बसावा लागतो, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

आणखी एक दावा मी हट्टाने काढायला लावला. बादलीतलं पाणी 'बागेला वापरा, पाण्याची बचत करा' असं माहितीपत्रकात होतं. लिटरमागे ३ ग्रॅम क्षाराचं पाणी कुंडीतल्या तुळशीला रोज घातलं तर पानांच्या कडा करपतील आणि मातीवर पांढरी साय येईल. हे पाणी फरशी पुसायला, अंगण शिंपायला, संडासात टाकायला चालतं. बचतीचा तर प्रश्नच नाही, हा कूलर पाणी जास्त खातो. दिवसाला ३० लिटर जास्त. फ्लोटला नळ जोडला नसेल आणि बादलीने टाकी भरायची असेल तर रोज अडीच बादल्या जादा. 'पर्यावरणपूरक' हा शब्द त्यामुळे ठेवता येत नव्हता. मुलगी थोडी नाराज झाली. मालकांनीच तिला समजावलं: "खरं हाय ते खरं हाय. टँकरवाल्या वस्तीत मी स्वतःच हा विकत नाही."

शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं मेलमध्ये घेतलं.

वेळ आणि वाचक

कूलरचे विक्रेते जानेवारी-फेब्रुवारीत माल भरतात. मासिकाचा फेब्रुवारीचा अंक छापायला जायच्या कितीतरी आधी त्यातली पानं ठरलेली असतात. म्हणून मेल ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याआधी गेला. पहिला मेल एप्रिलच्या मध्यात गेला होता. त्या वेळी मेचा अंक ठरून गेलेला, आणि जूनच्या अंकात कूलर म्हणजे पावसाळ्यात पंखा विकणं.

दुसरी गोष्ट, वाचक कोण? हे मासिक कूलर घेणारे वाचत नाहीत. कूलर बनवणारे, दुरुस्त करणारे आणि विकणारे वाचतात. त्यांना 'थंडगार हवा' नको, 'आपल्याला हे करता येईल का, किती कटकट आहे, कुठे फसतं' हे हवं. म्हणजे लेखात कृती उघड करावी लागणार. मालकांना मी स्पष्ट विचारलं, कारण शेजारच्या गाळ्यातला माणूस वाचून उद्या हेच करेल. ते म्हणाले, "करू द्या. ड्रिपर का माह्या घरचा हाय?" काही मालक इथे माघार घेतात आणि ते त्यांच्या जागी बरोबरच असतात, पण मग व्यावसायिक मासिकाला द्यायला त्यांच्याकडे काही उरत नाही. त्यांनी सरळ जाहिरात द्यावी.

शेवटी गेलेला मेल असा होता. नावं आणि नंबर काढले आहेत.

विषय: लेखासाठी कल्पना (फेब्रुवारी अंक) – कूलरचा क्षार कमी करायला संत्र्याच्या बागेतला ड्रिपर, नागपूर

नमस्कार,

हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कूलर कारखान्याने पंपाच्या नळीत ठिबक सिंचनाचा ड्रिपर बसवून टाकीतलं खारट पाणी सतत थोडं थोडं बाहेर काढण्याची सोय केली आहे. एका सीझनच्या तुलनेत हनीकॉम्ब पॅडवर बसलेला क्षार निम्म्याहून कमी झाला. आपल्या वाचकांपैकी कूलर बनवणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना ही कृती कोणत्याही परवान्याशिवाय वापरता येईल, म्हणून लेख सुचवतो आहे.

यात जुनं काय आणि नवं काय: पाणी काढत राहण्याची पद्धत मोठ्या डक्टिंग कूलरमध्ये पूर्वीपासून आहे. नवं एवढंच, की घरगुती पत्र्याच्या कूलरमध्ये ती बाजारात सहज मिळणाऱ्या ड्रिपरने, विजेचा जादा भाग न लावता केली आहे.

आकडे: दोन सारखे कूलर, एक बोअर (टीडीएस ६००), मार्च ते जून. वाळवलेल्या पॅडचं वाढलेलं वजन ड्रिपरशिवाय २.९ किलो, ड्रिपरसह १.१ किलो. मोजमाप कारखान्यानेच केलं आहे, बाहेरच्या प्रयोगशाळेने नाही. मूळ नोंदीचा फोटो देऊ शकतो.

मर्यादा: दिवसाला सुमारे ३० लिटर पाणी जास्त लागतं. मालक म्हणतात, "टँकरवाल्या वस्तीत मी स्वतःच हा विकत नाही." ड्रिपर क्षाराने बुजतो, तो पंधरवड्याला उघडून धुवावा लागतो.

बोलायला कोण: मालक, हा कूलर वापरणारे दोन ग्राहक (एक वसतिगृह, एक शिवणकामाचं दुकान), आणि ही कल्पना न पटलेला एक कूलर दुरुस्ती कारागीर. चौघांनी बोलायची तयारी दाखवली आहे.

फोटो: दोन्ही पॅड शेजारी-शेजारी, पट्टी ठेवून. नळी आणि ड्रिपर जवळून. मागितल्यास मूळ आकारात पाठवतो.

लेख आपल्या प्रतिनिधीने लिहावा किंवा आपण सांगाल तितक्या शब्दांत मी लिहून देईन. मी या कारखान्यासाठी मानधन घेऊन काम करतो, हे नोंदवतो. ही कल्पना सध्या फक्त आपल्याकडे पाठवली आहे. आपल्याला नको असल्यास दोन आठवड्यांनी दुसरीकडे विचारेन.

आपला,

यातल्या काही जागांबद्दल सांगायला हवं. विषयाच्या ओळीत 'लेखासाठी कल्पना' आणि अंकाचं नाव आधी आलं, कारण 'प्रसिद्धीसाठी' असं लिहिलेले मेल बहुतेक ठिकाणी थेट जाहिरात विभागाकडे जातात आणि तिथून दरपत्रक येतं. 'जुनं काय, नवं काय' हा परिच्छेद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मालकांना मात्र तो आवडला नव्हता. आपणच आपली वस्तू कमी कशाला दाखवायची, असं त्यांचं म्हणणं. पण संपादक जाणकाराला विचारणारच, आणि जाणकार पहिल्या फटक्यात सांगणार की हे जुनंच आहे. ते आपणच आधी सांगितलं असेल तर जाणकाराच्या त्या उत्तराने प्रस्ताव पडत नाही.

न पटलेल्या कारागिराचा नंबर देणं ही मात्र मी सगळ्यांना शिफारस करेन अशी गोष्ट नाही. इथे जमलं, कारण त्याचा आक्षेप पाण्याबद्दलचा आणि रास्त होता. भाऊबंदकीतलं भांडण असतं तर दिला नसता. 'फक्त आपल्याकडे' हे वाक्यही खरं असेल तरच लिहावं. मासिकांची दुनिया छोटी आहे, आणि एकच लेख दोन अंकांत दिसला की पुढचे सगळे मेल न वाचता जातात.

संपादकांचे प्रश्न

उत्तर चार-पाच दिवसांत आलं. होकार नव्हता, तीन प्रश्न होते, आणि ते वाचून कळलं की समोरच्या माणसाने वस्तू समजून घेतली आहे.

पहिला: ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह साधारण एक किलो दाबाला धरलेला असतो. कूलरच्या पंपाचा दाब इतका कुठे असतो? मग ३ लिटर आले कसे?

प्रश्न बिनतोड होता. बागेत एक किलो दाब म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ. कूलरचा पंप पाणी चार-पाच फूट वर फेकतो, म्हणजे नळीच्या तळाशी दाब जेमतेम चौदा-पंधरा शतांश किलो. साध्या ड्रिपरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, त्यामुळे ४ लिटरचा ड्रिपर इथे तासाला दीड लिटरच देतो. मालकांनी आधी ४चाच लावला होता. बादली भरेना, म्हणून ८चा लावला, आणि तो मापाच्या भांड्यात तासाला ३ लिटरच्या आसपास भरला. वर्गमूळ त्यांना माहीत नव्हतं, बादली माहीत होती. नळीच्या वरच्या टोकाला ड्रिपर लावला तर दाब आणखी पडतो, म्हणून तो पंपाजवळ, खाली लावलेला. आणि दाब आपोआप सांभाळणारा महागडा ड्रिपर इथे कामाचा नाही, कारण इतक्या कमी दाबाला तो नीट चालतच नाही. हे सगळं उत्तरात लिहिलं. पुढे लेखातली सगळ्यात जास्त जागा यालाच मिळाली.

दुसरा: लोकांनी रोज टाकी रिकामी केली तर ड्रिपरची गरज काय?

६० लिटरची टाकी रोज ओतून दिली तर ६० लिटर पाणी जातं, ड्रिपरने ३०. आठवड्यातून एकदा ओतली, जी डासांच्या अळ्यांसाठी तशीही ओतायलाच हवी, तर आठवड्याभरात ८४० लिटर उडून अर्धा किलो क्षार त्या ६० लिटरांत जमा व्हायला हवा. इतका तो विरघळून राहत नाही, त्याआधीच पॅडवर बसतो. म्हणजे आठवड्याची सफाई डासांसाठी पुरेशी, क्षारासाठी नाही. या उत्तराला एक जोड दिली: ड्रिपरची बादलीही रोज ओतली पाहिजे, नाहीतर अळ्यांना घर आपणच बांधून दिलं.

तिसरा: गार हवेत फरक मोजला का?

मोजला नव्हता. वजन मोजलं, तापमान नाही. बोलताना मालक "तीन-चार अंशांचा फरक पडते" असं म्हणत, पण ते हाताला लागलेल्या हवेवरून. इथे मोह होतो, कारण वर दिलेला २८ आणि साडेतेहतीसचा हिशेब हाताशी होता. तो निकाल म्हणून खपवता आला असता. पण तो पॅड निम्म्यावर आलं असं गृहीत धरून केलेला हिशेब आहे, या दोन कूलरांवर घेतलेलं माप नव्हे. उत्तरात 'मोजलेलं नाही, पुढच्या सीझनला दोन थर्मामीटर आणि ओल्या फडक्याने मोजू' असं लिहिलं. ऑक्टोबरमध्ये मोजून उपयोगही नव्हता, हवा दमट असते आणि कोरडं-ओलं यातलं अंतर कमी पडतं.

संपादकांनी मोठा लेख घेतला नाही. 'कारखान्यातून' अशा धाटणीच्या सदरात एक पान दिलं, स्वतःच्या प्रतिनिधीकडून लिहून घेतलं, आणि मथळा पाण्यावर काढला: जादा तीस लिटर परवडतात का? मालकांचा फोटो नव्हता. पॅडचे दोन फोटो होते. मुलीला वाईट वाटलं, कारण कारखान्याचं नाव एकदाच आलं आणि तेही शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. न पटलेल्या कारागिराला चार ओळी मिळाल्या.

अंक आल्यावर फोन आले ते बहुतेक दुरुस्तीवाल्यांचे, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच: ड्रिपर बुजला हे कळतं कसं? उत्तर सोपं आहे. संध्याकाळी बादली रोजच्या खुणेपर्यंत भरली नाही तर बुजला. म्हणून मालक आता कूलरबरोबर एक बादली देतात आणि तिच्या आत रंगाची रेघ मारतात. उघडता येणाराच ड्रिपर घ्यावा, बंद साच्याचा घेतला तर तो फेकावाच लागतो. दोन विक्रेत्यांनी मालाची चौकशी केली, त्यातल्या एकाने जुन्या कूलरला लावायचा नुसता नळीचा संच मागितला. कारखान्याने तो विकायचं ठरवलेलं नव्हतं, आता विकतो.

संपादकांनी एक गोष्ट मागून ठेवली आहे: पुढच्या सीझनला दहा कूलर, किमान दोन वेगळ्या बोअर, आणि मेच्या दुपारची तापमानं. तितकं झालं तर मोठ्या लेखाचा विचार करू, असं लिहिलं आहे. मालकांनी बेसा भागातल्या एका वसतिगृहाशी बोलून ठेवलंय. तिथलं पाणी मीटरवर ११०० दाखवतं, म्हणजे ८चा एक ड्रिपर तिथे पुरणार नाही, दोन लावावे लागतील आणि जादा पाणी साठ लिटरांवर जाईल. वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंना हा आकडा आधीच सांगून त्यांची तयारी विचारली आहे.